फ्रॉइंटशेन म्हणजे चिमुकला मित्र नव्हे

श्टुटगार्टमधल्या माझ्या पहिल्या वर्षी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक निवृत्त आजोबा राहायचे. खिडकीखालच्या वाफ्यात त्यांनी ट्यूलिप लावले होते. एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या सात-आठ वर्षांच्या पोराचा फुटबॉल थेट त्या वाफ्यात पडला. आजोबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि एकच शब्द उच्चारला, "फ्रॉइंटशेन!"

मी जिन्यात उभा होतो. जर्मनमध्ये 'फ्रॉइंट' म्हणजे मित्र आणि शब्दाला 'शेन' लावलं की तो छोटा आणि गोड होतो, एवढं मी पाठ केलं होतं. मला वाटलं, काय प्रेमळ म्हातारा आहे! पोरगा मात्र बॉल तिथेच टाकून धूम पळाला.

तेच आजोबा साताऱ्याचे असते तर "थांब बच्चमजी" म्हणाले असते. बच्चा म्हणजे लहान, जी आदराचा, आणि दोन्ही एकत्र आले की दम. फ्रॉइंटशेनचं काम अगदी तेच. हा 'शेन' आणि त्याचा जरा जुन्या वळणाचा भाऊ 'लाइन' हे जर्मनमधले लघुत्व दाखवणारे प्रत्यय. दोघं मिळून शब्दाचं काय काय करतात, ते आता पाहू.

आधी उच्चाराचं सांगतो, कारण इथेच पहिली ठेच लागते. 'शेन'मधला पहिला आवाज मराठीत नाही. 'ही' म्हणायला जीभ वर न्यायची आणि आवाज न काढता नुसती हवा सोडायची, की तो येतो. ऐकायला 'ह' आणि 'श' यांच्या मधला. इथे मी तो 'श' असा लिहितो आहे, सोय म्हणून. लिपीत मात्र तो सी आणि एच या दोन अक्षरांनी लिहितात, आणि आ, ओ, उ किंवा आउ या स्वरांनंतर हीच दोन अक्षरं एरवी 'ख' अशी घशातून उच्चारतात. 'राउखेन' म्हणजे धूम्रपान करणं, त्यात ख. पण 'फ्राउशेन' या शब्दात तेच आउ आणि तीच अक्षरं असूनही श. कारण तिथे 'फ्राउ' हा शब्द संपला आणि मग प्रत्यय सुरू झाला. प्रत्यय स्वतःचा आवाज आधीच्या स्वराला बघून बदलत नाही.

याचा उपयोग असा, की प्रत्यय खरा की नुसता दिसायला तसा, हे कानाला कळतं. 'कूखेन' म्हणजे केक. लिहिताना शेवटी तीच चार अक्षरं येतात, पण तो कशाचंही लहान रूप नाही आणि तो पुल्लिंगी आहे. गाईला 'कू' म्हणतात. एखाद्याने लाडाने 'छोटी गाय' म्हणायचं ठरवलं तर 'कूशेन' होईल. ख आणि श एवढाच फरक, आणि एक बेकरीत तर दुसरी गोठ्यात. हाड म्हणजे 'क्नोखेन', तोही ख वाला आणि पुल्लिंगी.

उलटी चूक 'स'ने संपणाऱ्या शब्दांत होते. घर म्हणजे 'हाउस', त्याचं लघुरूप 'हॉइसशेन'. मराठीत याला नेमका शब्द आहे, घरकुल. लिहिलेलं पाहिलं की एस, सी, एच ओळीने दिसतात आणि त्या तिघांचा मिळून जर्मनमध्ये साधा 'श' होतो. म्हणून मी भर वर्गात 'हॉइशेन' असं वाचलं आणि बाईंनी डोळे मिटून घेतले. जोड जिथे आहे तिथे तोडून वाचायचं: हॉइस, मग शेन. 'थोडंसं' या अर्थाचा रोजचा शब्द 'बिसशेन', तोही असाच. मुळात त्याचा अर्थ 'लहानसा घास'.

हाउसचं हॉइस झालं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. प्रत्यय लागला की मूळ शब्दातला आ, ओ, उ किंवा आउ बहुतेक वेळा पुढे सरकतो आणि लिहिताना त्या अक्षरावर दोन टिंबं येतात. कुत्रा 'हुंट', त्याचं 'ह्यूंटशेन'. मांजर 'काट्से', त्याचं 'केट्सशेन', शेवटचा ए गळून. पाव 'ब्रोट', त्यापासून 'ब्र्योटशेन'. टिंबं न घेणारे शब्द थोडे आहेत, आणि ते बहुधा माणसांचे किंवा लाडाच्या हाका मारायचे: कार्लचं 'कार्लशेन', किंवा वर आलेलं 'फ्राउशेन'. फ्राउ म्हणजे बाई. पण फ्राउशेन म्हणजे छोटी बाई नव्हे, कुत्र्याची मालकीण. बागेत एखादी धिप्पाड बाई आपल्या कुत्र्याला "ये फ्राउशेनकडे" म्हणते, तेव्हा ती त्याच्या नजरेतून स्वतःबद्दल बोलत असते. पुरुष असेल तर 'हेरशेन'.

आता लिंगाकडे येऊ. मराठीसारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं, आणि ती नामाआधी येणाऱ्या छोट्या शब्दावरून कळतात: पुल्लिंगी 'डेअर', स्त्रीलिंगी 'डी', नपुंसकलिंगी 'डास'. (डास म्हटल्यावर आपल्याला चावणाराच आठवतो. नपुंसकलिंगाचा शब्द लक्षात ठेवायला मला त्याचीच मदत झाली.) नियम असा, की शब्दाचं लिंग त्याचा शेवटचा तुकडा ठरवतो. शेन किंवा लाइन शेवटी आला की शब्द नपुंसकलिंगी, आधी काय होतं याची चौकशी नाही. डेअर हुंट, पण डास ह्यूंटशेन. डी काट्से, पण डास केट्सशेन. एखाद्या कचेरीत नवा साहेब यावा आणि सगळ्यांच्या टेबलांवरच्या जुन्या पाट्या एकजात काढाव्यात, तसं.

हे वाक्यात कसं दिसतं ते एका कुत्र्यावर पाहू. 'कुत्रा झोपलाय, तो दमलाय' यात डेअर हुंट, आणि 'तो'साठी 'एअर'. पिल्लू आलं की डास ह्यूंटशेन, आणि 'ते'साठी 'एस'. 'मी कुत्रा पाहतो' म्हणताना पुल्लिंगी डेअर बदलून 'डेन' होतो, आणि शिकणाऱ्याला ही जागा हमखास चकवते. 'मी पिल्लू पाहतो' म्हणताना मात्र डास तसाच राहतो. कुत्र्याबरोबर असो वा पिल्लाबरोबर, 'बरोबर'नंतर दोघांना 'डेम'. अनेकवचनात शब्द अजिबात बदलत नाही. एक ब्र्योटशेन, पाच ब्र्योटशेन. फक्त डासच्या जागी डी येतो, कारण अनेकवचनात सगळ्याच लिंगांना डी असतो. म्हणून 'डी ब्र्योटशेन' दिसलं की शब्द स्त्रीलिंगी झाला असं समजू नये. एकापेक्षा जास्त पाव आहेत, इतकंच.

या सोपेपणाचा मोह भयंकर असतो. लिंग आठवत नसेल तर शेन लावा, डास म्हणा, सुटका. आमच्या तुकडीत ही युक्ती सर्रास चालायची. पत्र म्हणजे 'ब्रीफ', ते पुल्लिंगी, पण ते मला एका सकाळी आठवेना. करखात्याला मी एक अर्ज पाठवला होता, तो ऑफिसातल्या सहकाऱ्याला सांगताना मी 'ब्रीफशेन' म्हणालो. तो हसतच सुटला. करखात्याला मी जणू गुलाबी कागदावर चिठ्ठी पाठवली होती. लिंगाची चूक टळली, पण सुराची झाली, आणि ती जास्त ऐकू येते.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच: मुलगी नपुंसकलिंगी कशी? मुलगी म्हणजे 'मेटशेन', आणि ती डास. याचा मुलीच्या मुलगी असण्याशी संबंध नाही, फक्त शेनशी आहे. पुरावा हवा असेल तर प्राणिसंग्रहालयातली पाटी वाचा. नर प्राण्याला 'मेनशेन' म्हणतात, मादीला 'वाइपशेन'. मान म्हणजे पुरुष, वाइप हा बाईसाठीचा जुना शब्द. आयाळवाला सिंह नर असूनही डास मेनशेन.

तरीही मुलींच्या बाबतीत एक खरी तफावत उरतेच, आणि ती इतिहासातून आली आहे. मूळ शब्द 'माग्ट', म्हणजे तरुण, अविवाहित मुलगी. तो स्त्रीलिंगी. त्याचं लघुरूप मेगटशेन, पुढे झिजून मेटशेन. हळूहळू माग्टचा अर्थ मोलकरीण असा उतरला आणि मुलीसाठी रोजचा शब्द म्हणून लघुरूपच उरलं. मुलग्याला 'युंगं' हा साधा, पुल्लिंगी शब्द आहे. मुलीला लहान न केलेला साधा शब्दच राहिला नाही. म्हणून मुलगा डेअर आणि मुलगी डास.

मग मेटशेनबद्दल पुढच्या वाक्यात बोलताना 'ती' म्हणायचं की 'ते'? व्याकरण म्हणतं एस, म्हणजे ते. जीभ म्हणते 'झी', म्हणजे ती. व्यवहारात अंतर मोजतात. 'तिथे उभी असलेली मुलगी' म्हणताना नामाला लगेच चिकटून येणारा जोडशब्द डासच हवा, तिथे सूट नाही. त्याच वाक्यात 'आपली पिशवी' म्हणताना लेखी भाषेत बहुधा नपुंसकलिंगी 'झाइने' येतं, बोलताना स्त्रीलिंगी 'ईरे'ही ऐकू येतं. पुढच्या वाक्यात पोचेपर्यंत बहुतेक लोक सरळ झी म्हणतात, आणि मुलीचं नाव एकदा आलं की मग झी हेच स्वाभाविक वाटतं. परीक्षेत मी एस लिहायचो, बाहेर झी बोलायचो.

हे सगळं ऐकून मराठी माणसाने फार दचकायचं कारण नाही. गोव्याच्या कोंकणीत मुलीला 'चेडूं' म्हणतात आणि ते नपुंसकलिंगी. 'तें आयलें' हे तरुण मुलीबद्दल सहज म्हटलं जातं. आपल्याकडेही लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू ही सगळी 'ते'. पण एक फरक आहे. मराठीत जीव लहान असेल तर तो नपुंसकलिंगाकडे झुकतो, वस्तू लहान असेल तर ती स्त्रीलिंगी होते: डबा-डबी, सुरा-सुरी, दोर-दोरी. जर्मन असा भेद करत नाही. वासरू असो की डबी, दोघांना डास.

आणि सूर? तोही मराठीने आधीच शिकवलेला असतो. शेजारच्या बाळाला 'ते पोरगं' म्हटलं तर कौतुक. पंचवीस वर्षांच्या नव्या साहेबाला 'ते पोरगं काय सांगणार आम्हाला' म्हटलं तर अपमान. शब्द तोच, 'ते' तोच. जे लहान असायला हवं त्याला लहान म्हटलं की माया, आणि जे मोठं असायला हवं त्याला लहान म्हटलं की तुच्छता. फ्रॉइंटशेनचं कोडं मला असं सुटलं. मित्र ही बरोबरीची गोष्ट. त्याला लहान केलं की बोलणारा आपोआप वरच्या पायरीवर जाऊन उभा राहतो.

कामाच्या गोष्टींतही हेच दिसतं. दिग्दर्शकाच्या 'फिल्म'ला 'फिल्मशेन' म्हटलं तर त्याच्या कष्टांवर पाणी पडलं. तुम्ही स्वतः फोनवर लेकीच्या वाढदिवसाचं चित्रण केलं असेल, तर तेच फिल्मशेन निरागस. 'श्पील' म्हणजे खेळ, 'श्पीलशेन' म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी आपल्याशी करत असलेले छक्केपंजे. सहकारी 'प्रोब्लेमशेन' आहे म्हणाला, तर एक तर गोष्ट खरंच किरकोळ असते, नाहीतर तो तुम्हाला घाबरवू इच्छित नसतो. दुसऱ्याच्या अडचणीला मात्र प्रोब्लेमशेन म्हणू नये. त्याला ते 'तुझं काय एवढं मोठं' असं ऐकू येतं. नुसती लहानच अडचण सांगायची असेल तर 'लहान' हे विशेषण वापरावं. 'लहान घर' म्हणजे क्षेत्रफळ कमी, 'हॉइसशेन' म्हणजे त्या घराबद्दल बोलणाऱ्याला काहीतरी वाटतंय. आणि आनंदाने वेडा झालेला माणूस 'हॉइसशेनच्या बाहेर' गेलेला असतो. हा वाक्प्रचार रोजच्या वापरातला आहे.

कधी शेन उलटाच बोलतो. 'झुमे' म्हणजे रक्कम. 'एक छानसं झ्यूमशेन' म्हणजे बरीच मोठी रक्कम, डोळा मिचकावून सांगितलेली. 'श्टुंडे' म्हणजे तास. 'एक श्ट्यूंटशेन बसू' याचा अर्थ साठ मिनिटांपेक्षा कमी असेलच असं नाही, फक्त घड्याळाकडे बघायचं नाही. 'एक बिअरशेन घेऊ या' म्हणताना पेला नेहमीएवढाच असतो. बदलतं ते आमंत्रणाचं ओझं. आपणही 'घोटभर चहा घ्या' म्हणतो आणि कप भरून देतो.

काही शब्दांत मात्र लहानपणा पार विझून गेला आहे. ब्र्योटशेन म्हणजे सकाळी बेकरीत मिळणारा मुठीएवढा गोल पाव. मोठ्या ब्रोटचं ते लाडाचं रूप नव्हे, ती वेगळीच वस्तू. 'हान' म्हणजे कोंबडा, आणि 'हेनशेन' म्हणजे ताटातलं चिकन, कितीही मोठं असो. ससा 'कानीनशेन' आणि परीकथा 'मेअरशेन' हेही तसेच. यात सूर शोधत बसू नये. पण लिंगाचा नियम इथेही सुटत नाही. सगळे डास.

आता लाइन. दोन्ही प्रत्ययांचं काम एकच, फरक प्रदेशाचा आणि काळाचा. शेन उत्तरेकडच्या 'केन'शी जोडलेला, आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या नॅपकिनमधला 'किन' हा त्याचा लांबचा नातलग. लाइन दक्षिणेकडचा. मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला, त्याच्या भाषेत लाइनचंच राज्य आहे. पुढे लेखी जर्मनमध्ये शेन वरचढ झाला आणि लाइन परीकथा, अंगाईगीतं आणि प्रार्थना यांत जाऊन बसला. आज नव्या शब्दाला लाइन लावला की तो जुन्या गोष्टीतल्यासारखा वाटतो. काही जागी मात्र तो जिभेच्या सोयीसाठी लागतो. पुस्तक 'बूख', त्याला शेन लावायला गेलं तर एकसारखे दोन आवाज ओळीने येतात, म्हणून 'ब्यूशलाइन'. ल ने संपणाऱ्या शब्दांना याच्या उलट, म्हणून बालचं, म्हणजे चेंडूचं, 'बेलशेन'.

लाइनवाला सगळ्यांना माहीत असलेला शब्द म्हणजे 'फ्रॉइलाइन'. फ्राउचं हे लघुरूप आधी खानदानी घरातल्या मुलींसाठी होतं. 1808 मध्ये छापलेल्या जर्मन कवी ग्योटेच्या नाटकात नायक फाउस्ट रस्त्यात भेटलेल्या मुलीला फ्रॉइलाइन म्हणतो आणि ती झटक्यात सांगते, की मी फ्रॉइलाइनही नाही आणि सुंदरही नाही. ती नम्रता दाखवत नाही, आपली पायरी सांगते. गंमत म्हणजे तिचं स्वतःचं नाव, ग्रेटशेन, मार्गारेटचं शेनवालं रूप. पुढे हा शब्द सगळ्याच अविवाहित स्त्रियांना लागला, वय पन्नास असलं तरी. अविवाहित पुरुषाला असं काही नव्हतं, तो मोठा झाला की थेट 'हेर', म्हणजे श्रीयुत. 1972 मध्ये पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने सरकारी कामकाजात फ्रॉइलाइन वापरू नये असं सांगितलं, आणि रोजच्या बोलण्यातूनही तो ओसरत गेला. आता तो मुख्यतः घरात ऐकू येतो. आई दहा वर्षांच्या लेकीला सुरात 'माझ्या लाडक्या फ्रॉइलाइन' म्हणाली, की मुलीने गृहपाठ केलेला नाही असं समजावं. पुन्हा बच्चमजी!

मी मात्र ज्या श्टुटगार्टमध्ये राहत होतो, तिथे रस्त्यावर शेनही नव्हता आणि लाइनही नव्हता. तिथल्या श्वाबिश बोलीत लाइन झिजून 'ले' झालाय. घरकुल म्हणजे 'हॉइस्ले'. बायर्नमध्ये 'एर्ल' किंवा नुसता 'ल', आणि सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला गेलं की 'ली'. आपल्याकडे पाकिटात मिळणारं म्युस्ली हे त्यातलंच. 'मूस' म्हणजे लापशी, तिचं स्विस लघुरूप 'म्युएस्ली'. जर्मन लोकांनी तो मधला ए काढून टाकला. झ्युरिचमध्ये मी जर्मन उच्चाराने न्याहारीला म्युस्ली मागितलं, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "जिवंत की मेलेले?" त्यांच्या बोलीत ए नसलेलं म्युस्ली म्हणजे छोटा उंदीर.